बारा हजारांचं भाडं

दुसरा फ्लॅट घेतला की नातेवाइकांना बाराचा पाढा आपोआप पाठ होतो. पुण्याचे भाऊजी आले की चहाचा पहिला घोट घेतानाच म्हणतात, ‘वहिनी, महिन्याला बारा हजार, बारा महिने! वर्षाला एक लाख चव्वेचाळीस, घरबसल्या!’ यातलं ‘घरबसल्या’ मला विशेष आवडतं. नळाची तोटी गळते म्हणून रविवारी सकाळी प्लंबर शोधत गोलबाजार पालथा घालण्याला पुण्यात बहुधा घरी बसणंच म्हणत असावेत.

जबलपुरात भाडेकरू मिळायला तसं कमी नाही. उच्च न्यायालय इथे, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथे, गन कॅरेज फॅक्टरी आणि खमरिया आहेतच, शिवाय मेडिकल कॉलेज. पण ही सगळी मंडळी येतात ती बदलीने, आणि बदल्या होतात शाळा संपल्यावर. मे-जूनमध्ये रिकामा झालेला फ्लॅट पंधरा दिवसांत जातो. तोच नोव्हेंबरात रिकामा झाला तर बघायला येणारे चार जण ‘विचार करून सांगतो’ म्हणून जातात, तोवर डिसेंबरच्या मध्याला खरमास लागतो आणि संक्रांतीपर्यंत कुणी सामान हलवत नाही. पितृपक्षाचंही तेच. 2026 मध्ये तर अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन बदल्यांच्या मोसमात. तेव्हा हिशेब करताना पंचांग बाजूला ठेवून चालत नाही.

म्हणून मी वर्ष बारा महिन्यांचं धरतच नाही. इथे भाडेकरू साधारण दोन वर्षं टिकतो आणि दोघांच्या मध्ये दोनेक महिने कुलूप असतं, असं मानलं तर वर्षाला एक महिना रिकामा. म्हणजे अकरा गुणिले बारा हजार, एक लाख बत्तीस हजार. भाऊजींचे बारा हजार इथेच गेले.

खर्च मात्र पूर्ण बारा महिन्यांचा. सोसायटीचा मेंटेनन्स आम्हीच भरतो, महिन्याला 1,200. फ्लॅट रिकामा असला म्हणून वॉचमन अर्धा पगार घेत नाही, तेव्हा वर्षाचे 14,400. नगर निगमचा संपत्ती कर समजा 4,000. राहत्या घराला मध्य प्रदेशात या करात निम्मी सूट मिळते. भाड्याच्या घराला नाही, त्यामुळे पहिल्या घराची पावती बघून दुसऱ्याचा अंदाज बांधला तर तो निम्म्याने चुकतो. दलालाला नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचं भाडं. दोन वर्षांवर विभागलं की वर्षाला 6,000.

सगळ्यात मोठा खड्डा रंगाचा. भाडेकरू गेल्यावर भिंतींवर काय काय उरतं ते पाहण्यासारखं असतं. कूलर ठेवलेल्या खिडकीखाली पाण्याचा नकाशा, गॅसच्या ओट्यामागे फोडणीचा इतिहास, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने नोंदलेली मुलाची उंची. (ती पुसायला माझा हात धजत नाही, रंगवाल्याचा धजतो.) दोन खोल्यांच्या फ्लॅटची पुताई 22,000 धरली तर वर्षाच्या वाट्याला 11,000. नळ, गीझर, फ्लश अशा किरकोळ कामांना 6,000. पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीतून खालच्यांकडे ओल उतरली की फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करावं लागतं. ते दर वर्षी होत नाही, पण होतं तेव्हा एकदम होतं. त्यासाठी वर्षाला 10,000 बाजूला.

बेरीज 51,400. एक लाख बत्तीस हजारांतून वजा केली की उरले 80,600. म्हणजे महिन्याला सहा हजार सातशे. बँकेत बारा हजार जमा झाल्याचा मेसेज येतो त्याच संध्याकाळी मी पाच हजार तीनशे दुसऱ्या खात्यात ढकलते. त्या खात्याला घरात ‘रंगाचं खातं’ म्हणतात आणि तिकडे कुणी डोळा वर करून बघत नाही. डिपॉझिटही तिथेच. ते आपलं उत्पन्न नाही, जाताना परत द्यायचं आहे, हे भाडेकरू निघेपर्यंत लक्षात राहायला हवं.

आता आयकर. आयकर खातं माझ्या खर्चाची वही मागतच नाही. मिळालेल्या भाड्यातून, म्हणजे एक लाख बत्तीस हजारांतून, वर्षात प्रत्यक्ष भरलेला नगर निगमचा कर वजा करायचा. उरलेल्या 1,28,000 वर सरसकट 30 टक्के, 38,400, सूट. करपात्र राहिले 89,600. रंगवाल्याचं बिल, मेंटेनन्सची पावती, दलाली सगळं त्या तीस टक्क्यांत आलं. मेंटेनन्स आणि दोन नळ एवढ्यावर भागलं, तर तीस टक्के खर्चापेक्षा जास्त. पुताई, दलाली आणि ओल एकत्र आली की अपुरे. रिकाम्या महिन्याच्या न मिळालेल्या भाड्यावर मात्र कर पडत नाही, एवढी दया आहे.

यांच्या पेन्शनमध्ये हे 89,600 मिळवले तरी आकडा बारा लाखांच्या बराच खाली राहतो, आणि 2025-26 पासून नव्या करपद्धतीत तिथवर कर शून्य. आमचं भागलं. खरी गंमत समोरच्या बिऱ्हाडाची. साहेबांचं करपात्र उत्पन्न 11,80,000, म्हणजे काठावर. समजा त्यांनी आमच्यासारखाच फ्लॅट आमच्यासारख्याच भाड्याने दिला. बेरीज 12,69,600 होते. बारा लाखांची सूट सुटली, आणि कायद्याची मेहेरबानी एवढीच की बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न आहे त्याहून जास्त कर लावत नाहीत. म्हणजे 69,600, वर चार टक्के सेस धरून 72,384. हातात राहिलेल्या 80,600 मधून हे गेले की वर्षाचे उरले 8,216. महिन्याला सातशेसुद्धा नाहीत! त्यांनी लगेच तोडगा सुचवला, ‘फ्लॅट बायकोच्या नावावर करून टाकू.’ पण मोबदला न घेता बायकोला दिलेल्या घराचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. हे ऐकल्यावर त्यांच्या सौभाग्यवतींचा चेहरा पडला, साहेबांचा नाही.

हे सगळं माहीत असल्यामुळे भाडं वाढवायची वेळ आली की माझा जोर ओसरतो. भाऊजींचं म्हणणं, ‘करार अकरा महिन्यांचा असतो तो वाढवण्यासाठीच. एक हजार वाढवा!’ वाढवले, तर वर्षाला बारा हजार जास्त. पण त्यावरून चांगला, वेळेवर भाडं देणारा माणूस निघून गेला, तर निदान एक महिना कुलूप, बारा हजार. दलाल, बारा हजार. पुताई, बावीस हजार. शेचाळीस हजार. ते भरून काढायला वाढीव हजाराला जवळजवळ चार वर्षं लागतील, आणि तोवर नवा भाडेकरूही बदलीवर गेलेला असेल.

यंदा मी पाचशे मागितले. भाडेकरू म्हणाले, ‘ताई, तीनशे करा, आणि कूलरची खिडकी मी स्वतःच रंगवतो.’ मी तीनशेवर हो म्हटलं, मात्र खिडकीचा रंग कोणता, ते मी सांगणार, एवढी अट घातली.