दाजी, हलू नगासा

सातारा सोडलं तेव्हा एसटीच्या वाहकाने बापूचं आधारकार्ड पाहून अर्धं तिकीट फाडलं आणि माझ्याकडे कार्ड न मागताच अर्धं फाडलं. पासष्टी ओलांडल्याचा पुरावा मी चेहऱ्यावरच घेऊन फिरतो. कराडपर्यंत बापू त्याबद्दल माझं अभिनंदन करत होता.

शिराळ्याची नागपंचमी बघायला जायचं हे आमचं 1995 सालापासून ठरलेलं. बापूची सासुरवाडीच शिराळा, त्यामुळे राहण्या-जेवणाचा प्रश्न नव्हता. तरीही दर श्रावणात काहीतरी निघायचं. एकदा ऑडिट, एकदा बापूची पाठ, एकदा कोयनेला पाणी सोडलंय म्हणून. कोयनेचं पाणी शिराळ्याच्या रस्त्यावर येत नाही, हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा मलाही घरात चहा ऊन ऊन मिळत असे.

त्या काळी शिराळ्यात जिवंत नाग असत. पंचमीच्या आधी गावातली माणसं शेताच्या बांधावर बिळं शोधत, नाग धरत आणि तोंडाला फडकं बांधलेल्या मडक्यात ठेवत. दात न काढलेले, खरेखुरे. पंचमीला घरोघरी त्यांची पूजा व्हायची, अंबामातेच्या देवळाकडे मिरवणूक निघायची, कुणाचा नाग किती उंच उभा राहतो याच्या स्पर्धा लागायच्या आणि मग पुन्हा सोडून द्यायचे. म्हणतात, गोरक्षनाथ भिक्षेला आले तेव्हा घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती. ‘जिवंत नागाला पुजशील का?’ असं नाथांनी विचारलं, तिथून हे सुरू झालं.

पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नाग धरणं बसत नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2014 च्या आदेशानंतर जिवंत नागाची पूजा बंद पडली, मडकी फळीवर गेली, नागाच्या प्रतिमा आल्या. ते ऐकून बापूने केवढा निःश्वास टाकला होता! मी समजलो, वाईट वाटलं असेल.

2025 मध्ये केंद्र सरकारने 21 नाग धरायची परवानगी दिली, तीही मिरवायला नाही, तरुणांना पारंपरिक ज्ञान शिकवायला. मी म्हटलं, बापू, आता जायलाच हवं. तो म्हणाला, ‘तरुणांना शिकवायला म्हटलंय.’ मी त्याला खेचूनच गाडीत बसवला.

शिराळ्याची प्रेक्षणीय स्थळं आम्ही आदल्या दिवशी पावसात उरकली. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक पाहिला, भुईकोटाजवळ भिजलो. संभाजीराजांना मोगलांच्या तावडीतून सोडवायचा प्रयत्न इथे झाला, असं गावात सांगतात. तो फसला, हे मला नेहमीच टोचतं, त्यामुळे मी तिथे फार थांबलो नाही.

पंचमीच्या पहाटे बापूच्या मेहुण्याच्या बायकोने, वहिनींनी, दिंडांसाठी पुरण शिजवायला घेतलं होतं. या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. त्यामुळे माझी भज्यांची चौकशी वाया गेली. बापू अंघोळीला गेला. न्हाणी परसात, जुनी, दगडी. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, ‘अरे...’ आणि मग काहीच नाही.

‘काय झालं?’

‘दारात आहे.’

मी फटीतून पाहिलं. दाराच्या आत, चुलवणाशेजारी, काठोकाठ भरलेल्या घंगाळाला टेकून नाग उभा होता. फण्यावर दहाचा आकडा. पलीकडच्या कोपऱ्यात, उंच दगडी पाटावर, पंचा गुंडाळलेला बापू. त्याला बाहेर यायचं तर नागावरून यायचं होतं.

बापूचा मेहुणा धावत आला. ‘दाजी, हलू नगासा! पाणी बिनी वतू नगा!’ म्हणाला आणि सर्पमित्राला फोन लावला. दरम्यान मी सूचना देत होतो. टॉवेल फेक, घंगाळ उलट कर, हळूच उडी मार. शेजारणीने दुधाची वाटी आणली. मेहुण्याने आम्हा दोघांनाही गप्प बसवलं.

पोरगा आला, कॉलेजातला असेल. हातात प्लॅस्टिकचा जाड पाइप, त्याच्या एका टोकाला काळी पिशवी बांधलेली, आणि एक आकडा. दुधाची वाटी बघून म्हणाला, ‘काकी, त्याला उंदीर-बेडूक लागतात. दूध पचत न्हाई त्याला.’ मग फटीतून बघून तो खाली बसला आणि आम्हालाही बसायला लावलं. घाई नाहीच.

‘फणा काढलाय म्हंजे तो सांगतोय की लांब राहा,’ तो म्हणाला. ‘पाठलाग करत न्हाई. जेवढा उभा राहिलाय तेवढ्याच टप्प्यात मारतो. हा साडेतीन फुटांचा, वर उभा फूटभर. काका पाच फुटांवर हायत. हलणारं त्याला दिसतं. काका, बोला हवं तितकं, फकस्त हलू नका. पावसात बिळात पाणी गेलं की हे उंदरामागनं घरात येतात.’

‘बोल,’ मी म्हणालो. ‘काहीही बोल.’

बापू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला सापाची भीती वाटते.’

‘आता?’

‘तीस वर्षं.’

आणि मग तो थांबेना. ऑडिट नव्हतं. पाठ नव्हती. दर श्रावणात बायको माहेरचा नाग दाखवायला न्यायचं म्हणायची. भावाचा उपवास करायची आणि मला सांगायची, लहानपणी मडक्याचं फडकं तिनेच सोडलंय, नाग डोलताना तीही डोलायची. मी कारणं शोधायचो. ती हसायची. तिला सगळं कळत होतं, पण शेवटच्या दवाखान्यातही तिने मला ‘भित्रा’ म्हटलं नाही रे. एकदाच म्हणाली, मी नसताना जाऊन या.

परसात कुणी बोललं नाही. मेहुणा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बापूच्या बायकोच्या घरचा मला आजवर एकच माणूस ठाऊक होता, हा; आणि तो आता पाठमोरा होता. नाग तेवढा डोलत होता.

मग पोराने दार हळूच लोटलं आणि पाइपाचं उघडं तोंड भिंतीला लावून नागाच्या शेपटीकडून सरकवलं. आकड्याने फक्त वाट अडवली. सापाला अंधारी, अरुंद जागा दिसली की तो तिथे आसरा घ्यायला जातो, त्याला ढकलावं लागत नाही. फणा मिटला, नाग भिंतीकडेने सरकला आणि पाइपात शिरून पिशवीत जाऊन बसला. पोराने पिशवीला पीळ दिला, गाठ मारली. एवढ्यासाठी मी तासभर मनातल्या मनात बापूला खांदा देत होतो!

बापू पाटावरून उतरला तेव्हा पाय थरथरत होते, पण चेहरा असा की जणू स्वतःच पकडलाय. ‘लेका,’ तो म्हणाला, ‘तू पाहिलास ना? दहाचा आकडा सगळा दिसला.’

आता नवाच पेच. वहिनी ताट घेऊन आल्या. पंचमीच्या दिवशी नाग चालत घरी आलाय, त्याला पुजल्याशिवाय सोडायचा कसा? पोराने हात जोडले. ‘काकी, वनखात्याला कळवून जवळच सोडायचा हाय. पूजा केली तर माझं नाव जाईल.’ वहिनी ऐकेनात. मेहुणा म्हणाला, पिशवी पुजली तर? पोरगा म्हणाला, पिशवीत नाग हाय की. मग पाइप? पाइप रिकामा होता. कायद्याच्या कुठल्या कलमात पाइपाला हळदकुंकू लावू नये असं लिहिलंय, हे पोराला सांगता येईना.

पाइपाला लाह्या वाहिल्या गेल्या. बापूने पंच्यातच नमस्कार केला. वहिनी म्हणाल्या, ‘दाजी, कपडे तरी घाला. देव बघतोय.’