ढकलपासरावांना अनावृत पत्र

यावल, जि. जळगाव
जून २०२५, शाळा उघडल्यानंतरचा पहिला रविवार

रा. रा. ढकलपासराव यांस,
सा. न. वि. वि.

पाचवी आणि आठवीच्या वर्गांतून तुम्ही निवृत्त झालात, असे आम्हा गुरुजी मंडळींना ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने कळवले होते. निरोप समारंभासाठी शाल, श्रीफळ आणि टोपीची वर्गणीही आम्ही काढली होती. पण एप्रिलच्या शेवटी गुणतक्ता भरायला बसलो, तर तुम्ही माझ्याच खुर्चीत बसलेले. म्हणून शालीचे पैसे परत वाटले आणि हे पत्र लिहायला घेतले.

तुमची भरभराट झाली ती २०१० साली. शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला आणि पहिली ते आठवी कुणालाच मागे ठेवायचे नाही असे ठरले. खरे तर कायदा करणाऱ्यांनी तुम्हाला बोलावलेच नव्हते. मुलाची वर्षभर पाहणी करा, कुठे अडतेय ते शोधा, तिथेच शिकवा, म्हणजे नापास करायची वेळच येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्याला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन असे लांबलचक नाव होते. आम्ही त्यातले ‘नापास करू नका’ एवढेच पाठ केले आणि बाकीच्या नोंदी वर्णनात्मक नोंदवहीत एका बैठकीत उतरवल्या. ‘गणितात रुची घेतो’ हे वाक्य मी एका वर्षी एकतीस मुलांच्या नावापुढे लिहिले आहे. त्यातल्या किती जणांना पाढे येत होते, ते विचारू नका.

मग २०१९ मध्ये कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला वर्षाअखेर परीक्षा घ्यायची. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तरीही जमले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे राज्य सरकारने ठरवायचे. महाराष्ट्राने ठेवायचे ठरवले. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून मात्र कुणालाही काढता येत नाही. पहिली ते चौथी, सहावी आणि सातवी अजून तुमच्याच ताब्यात आहेत. म्हणजे तुमचा पूर्ण पगार गेला, निम्म्याहून जास्त शिल्लक राहिला.

आता गुणांचे बोलू, कारण तुमचे खरे बिऱ्हाड तिथेच आहे. पाचवीचा प्रत्येक विषय ५० गुणांचा, त्यात तोंडी किंवा प्रात्यक्षिक १० आणि लेखी ४०. पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ गुण. आठवीला ६० पैकी २१. थोडक्यात राहिलेल्या मुलाला सवलतीचे गुण मिळतात, एकूण जास्तीत जास्त १० आणि एका विषयाला ५ च्या वर नाही. हे सगळे वाजवीच आहे. पण तोंडीचे १० गुण वर्गशिक्षकाच्या हातात असतात आणि त्यांची उत्तरपत्रिका नसते. ते दहाचे दहा देऊन टाकले की लेखीत ४० पैकी ८ पुरतात. सवलतीचे ५ जोडले की ३ पुरतात. चाळीसपैकी तीन! एवढे गुण तर रिकाम्या जागा डोळे मिटून भरल्या तरी पडतात. शासनाने तुम्हाला दारातून काढले आणि तोंडीच्या खिडकीची कडी लावायची राहून गेली.

तुम्ही कोणत्या वर्गात जेवून गेलात, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. गुणतक्ता आडवा धरायचा आणि लेखीचा रकाना तोंडीच्या रकान्याशेजारी वाचायचा. लेखीत सहा, आठ, पाच आणि तोंडीत नऊ, दहा, नऊ, तेही एकाच शाईने, एकाच दमात, म्हणजे तुमचे ताट तिथे पडले होते. दुसरी खूण अशी, की बेरजेच्या रकान्यात १८ ची रांग लागते आणि १६, १७ सापडत नाहीत. खऱ्या परीक्षेत मुले १८ वर येऊन थांबत नाहीत, ती १५ ला पडतात, १७ ला पडतात, १९ ला तरतात. आजूबाजूचे आकडे ओस पाडून एकट्या १८ वर गर्दी करणारी पोरे मी फक्त गुणतक्त्यातच पाहिली आहेत, पटांगणावर कधी नाही.

आता आमच्या वर्गातली गोष्ट सांगतो, म्हणजे तुमच्यावर खोटा आळ घेतला असे व्हायला नको. नावे सांगत नाही, पोरे लहान आहेत. एक मुलगा. मराठी २२, हिंदी २०, इंग्रजी १५, गणित १३, परिसर अभ्यास १९. एकूण ८९. इंग्रजीला ३ आणि गणिताला ५ मिळून सवलतीचे ८ गुण दिले, गडी पास. एक मुलगी. मराठी ३१, हिंदी २७, इंग्रजी २२, परिसर अभ्यास २९ आणि गणित १२. एकूण १२१. तिला गणितात ६ हवे होते, नियमाने ५ च देता येतात. दांडी गुल. बत्तीस गुण जास्त असलेली पोर पुनर्परीक्षेला आणि तो सुट्टीला. नियमाचा दोष म्हणता येत नाही, रेघ कुठेतरी मारावीच लागते. पण त्याच्या गणितातल्या १३ पैकी ८ तोंडीचे होते आणि लेखीचे फक्त ५. तोंडी परीक्षेत त्याचे तोंड चांगले चालते. हिचे लेखी ८ आणि तोंडी ४, कारण मी समोर बसून प्रश्न विचारला की ही फरशीकडे बघते. तिला तोंडीचा एक गुण वाढवला असता तरी काम झाले असते. तुम्ही त्या संध्याकाळी माझ्या पेनाच्या टोपणावर बसून मला तेच सांगत होतात, आठवते ना?

मी नाही वाढवला. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता, तिची उत्तरपत्रिका समोर उघडी होती एवढेच. अपूर्णांकांच्या बेरजेत तिने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले होते. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. पुढची तिन्ही उदाहरणे तशीच. हा निष्काळजीपणा नव्हता, तिने स्वतःचा एक नियम बनवून तो चोख पाळला होता. अशा पोराला एक गुण जास्त देऊन सहावीत पाठवले की नियमही बरोबर जातो.

निकाल लागला १ मे रोजी. त्याच्या आदल्या दिवशी आखाजी होती. परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललेली, पेपर चार-पाच दिवसांत तपासलेले, आणि आखाजीला खान्देशातले कोणते लेकरू घरी सापडणार? झोके बांधलेले, लेकीबाळी माहेरी आलेल्या, घरोघरी पुरणपोळी. ही मामाच्या गावी. मी निकाल घेऊन गेलो तर दारात आजी. म्हणाली, ‘गुरुजी, पोरगी हुशार हाये म्हनत होते ना तुम्ही? मंग नापास काहाले केली?’ मी सांगितले, नापास नाही आजी, पुन्हा परीक्षा आहे, जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी. आजी म्हणाली, ‘म्हंजे नापासच.’ ‘पुनर्परीक्षा’ या शब्दाचे मराठीतून मराठीत भाषांतर इतक्या झटपट मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले नाही.

जादा मार्गदर्शन नावाची गोष्ट याच दिवसांत करायची असते. शाळेला कुलूप, गुरुजींना सुट्टी, पारा चव्वेचाळीसच्या आसपास आणि निम्मे पालक लग्नांच्या पंगतीत. तिच्या वडिलांनी मामाकडून तिला परत आणली आणि मी सकाळी सात ते साडेआठ त्यांच्याच ओट्यावर बसायचो. पंधरा-सोळा सकाळी झाल्या असतील. पहिले दोन दिवस मी फळ्यावरचे शिकवणे ओट्यावर करून पाहिले, लसावि काढा, छेद समान करा. ती मान हलवायची आणि पुन्हा २/५. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरात केळीचा घड टांगलेला दिसला. यावलात केळी शोधायला जावे लागत नाही. त्यातली बरोबर बारा केळ्यांची फणी निवडली. म्हटले, अर्धी फणी तुला. तिने सहा मोजून घेतली. आता वर आणखी फणीचा तिसरा हिस्सा घे. चार घेतली. किती झाली? दहा. बारातली दहा. म्हटले, तुझ्या वहीप्रमाणे फणीचे पाच भाग करून त्यातले दोन व्हायला हवेत. अर्ध्याहून जास्त की कमी? ती बराच वेळ केळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘कमी. पण मी तर आणखी घेतली ना गुरुजी.’ बस. तिचा नियम त्या ओट्यावर तिनेच मोडला. त्यानंतर छेद समान कशाला करायचे, हे मला सांगावे लागले नाही. फणीत केळी एकाच मापाची हवीत म्हणून, असे तिनेच सांगितले. घड बाकी चार दिवसांत संपला, त्याला माझाही हातभार लागला.

आता माझी तक्रार. हे सगळे तिला मिळाले, कारण ती नापास झाली. तो ८९ वाला मुलगाही अपूर्णांकात तेच करतो, मी त्याची उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिली. १/२ + १/३ ला त्यानेही २/५ लिहिले आहे. पण तो पास होता, म्हणून त्याच्या दारात मी गेलो नाही, आणि जायला सांगणारा नियमही नाही. जादा मार्गदर्शन फक्त पडलेल्यांना मिळते. ज्याला तुम्ही दोन्ही हातांनी उचलून धरले, त्याच्या वाट्याची फणी तुम्ही खाल्लीत, ढकलपासराव. लोकांना वाटते पुनर्परीक्षा ही शिक्षा आणि सवलत ही दया. मेच्या उन्हात त्या ओट्यावर बसल्यावर मला ते उलटे दिसू लागले.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. पोर पडले की पालक नाव काढून दुसऱ्या शाळेत नेतील ही धास्ती, पट घसरला की शिक्षकाचे पदच जाते, आणि उन्हाळ्यात गावोगाव हिंडून पाचवीसाठी पोरे मागावी लागतात. त्यात तोंडीचे चार गुण स्वस्त पडतात. मीही ते दिले आहेत, कुणाचे नाव सांगू?

जूनच्या पुनर्परीक्षेत पोरीला गणितात २७ पडले. आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, आता तरी पेढे द्या.

सोमवारी शाळा भरली. सहावीत दोघे एकाच बाकावर आले आहेत, उंचीप्रमाणे बसवले म्हणून. सहावीची परीक्षा त्याला अडवणार नाही, सातवीचीही नाही. थेट आठवीला ६० पैकी २१ मागतील. तोवर तीन वर्षे तो तुमच्याच हवाली आहे. काल मधल्या सुट्टीत ती त्याला डब्यातल्या केळ्यावरून काहीतरी समजावत होती. तो केळे खात होता.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
पाचवीचा एक वर्गशिक्षक

ता. क. तोंडीच्या खिडकीला कडी बसवण्याचे कुणी मनावर घेतले, तर आधी कळवीन. तुमची पिशवी अजून माझ्याच कपाटात आहे.