वाचनकर्ते चिरंजीव

हे गृहस्थ स्वतः साठीला टेकलेले असतात, पण घरात त्यांना ‘अरे गाढवा’ म्हणणारं एक माणूस अजून शिल्लक असतं. त्या माणसाच्या डोळ्यांनी दगा दिला, की चिरंजीवांच्या अंगात वाचक संचारतो. आमच्या इगतपुरीत असे दोन-चार आहेत. पावसाळ्यात दुसरं करणार तरी काय? धुक्यात समोरचा दिवा दिसत नाही, मग सात वाजता कादंबरी उघडते.

ज्यांच्याबद्दल सांगतोय त्यांचे अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले. कसाऱ्याहून गाड्या ढकलत वर आणणाऱ्या बँकर इंजिनांवर उमेदीची वर्षं काढलेली. अशा माणसाला पुस्तक निवडून देणं म्हणजे जोखमीचं काम. चिरंजीवांनी थेट ‘मृत्युंजय’ काढली. जाडजूड पुस्तक, पुष्कळ दिवस निर्धास्त, हा हिशेब. मोठ्याने वाचलं तर एका पानाला अडीच-तीन मिनिटं लागतात. अण्णांची बैठक अर्ध्या तासाची, म्हणजे रोजची दहा-बारा पानं. हिशेब चुकीचा नव्हता.

घात केला ‘मी’ने. त्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा माणसं आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात. डोळ्यांनी वाचणाऱ्याला मथळा दिसतो. ऐकणाऱ्याला दिसतो तो बनियनवर बसलेला मुलगा. अण्णांची पाच मिनिटं डुलकी लागली आणि जागे झाले तेव्हा चिरंजीव जाड्या आवाजात पुत्रवियोग सांगत होते.

“तुला कधी मूल सोडावं लागलं?” अण्णांनी विचारलं.

“मी नाही अण्णा, कुंती.”

त्यातून निभावलं, तर पुढे कर्णाचा भाऊ आला.

“शोण म्हणाला...”

“कोण?”

“शोण.”

“तेच विचारतोय, कोण?”

चिरंजीव ओरडले. अण्णा म्हणाले, “बहिरा नाहीये मी.” तेही खरंच होतं. म्हातारपणी आधी बारीक, टोकदार आवाज जातात. श, स, फ यांची धार बोथट होते. ओरडल्याने आवाज वाढतो, धार वाढत नाही. दिवाणखान्यातली खुर्ची उचलून अण्णांच्या उजव्या, म्हणजे बऱ्या कानाकडे ठेवायची, आवाज जरा खाली आणायचा आणि वाक्य संपलं की श्वासभर थांबायचं. हे सुचलं सूनबाईंना. श्रेय चिरंजीव घेतात.

मग ‘मृत्युंजय’ बाजूला ठेवून ‘श्यामची आई’. बेचाळीस रात्री आयत्या पाडलेल्या, रोज एक. पण तिसऱ्या रात्री अण्णांनी हात वर केला. “आईबापांशी कसं वागावं हे मला कशाला ऐकवतोस? हे तू मनातल्या मनात वाच.”

शेवटी ‘बनगरवाडी’ लागू पडली. तीत काय आहे पाहा. सगळी गोष्ट एकटा मास्तरच सांगतो, त्यामुळे ‘मी’चा घोळ नाही. माणसं एकदम गर्दी करत नाहीत. कारभारी येतो, आयबू येतो, प्रत्येकजण आपलं काहीतरी घेऊन येतो, म्हणून नाव हुकलं तरी माणूस हुकत नाही. आणि पुस्तक बारीक. पंधरवड्यात हातावेगळं होतं, ऐंशीच्या पुढच्या माणसाला शेवट दिसत राहतो.

वेगाचा कायदा मात्र अण्णांनी घालून दिला. “चढाला बँकर लागतो, माथ्यावर आल्यावर सोडतात. सुरुवातीला हळू घे, माणसं ओळखीची झाली की पळव.” चिरंजीव उलटं करत होते, सुरुवात भरभर उरकून रंगात आल्यावर हातवारे. आता रोज आरंभी “काल कुठं होतो?” हे अण्णांनी सांगायचं. त्यांना आठवेल तिथून वाचन सुरू, मग दोन पानं मागे जावं लागलं तरी बेहत्तर. आणि थांबायचं ते मारामारीच्या तोंडावर नाही. एकदा तसं थांबल्यावर अण्णांनी रात्री दोन वाजता चिरंजीवांना उठवून पुढचं विचारलं होतं.

झोप लागली की नाही हे ओळखायला चिरंजीवांनी एक युक्ती काढली. डोळे मिटलेले दिसले की मधेच एक खोटं वाक्य घुसडायचं. “आणि मास्तरांनी नाशिकला फ्लॅट बुक केला.” मिटल्या डोळ्यांनीच अण्णा म्हणाले, “नीट वाच. आणि मघाशी एक परिच्छेद गाळलास, तोही घे.”

शेवटाकडे दुष्काळ आला. बाहेर पत्र्यावर इगतपुरीचा पाऊस असा बडवत होता, की चिरंजीवांना ‘पाण्याचा थेंब नाही’ हे तीनदा ओरडावं लागलं. अण्णा खिडकीकडे बघून म्हणाले, “आपल्याकडचा थोडा पाठवता आला असता.”

पुस्तक मिटलं. अण्णांनी चार दिवस सुट्टी घेतली. मग पाचव्या दिवशी संध्याकाळी कपाटातलं कानाचं मशीन स्वतःहून काढलं, नवा सेल घालून घेतला आणि म्हणाले, “ते जाडं पुस्तक आण. त्या कोणाचं पुढं काय झालं?”