गल्ला एक, चाव्या दोन

खेळ उघडला की चौकट येते: 'या फोनवरची प्रगती ठेवायची की क्लाउडवरची?' बटणं दोनच. वाटणीला बसलेल्या भावांनाही यापेक्षा जास्त पर्याय मिळतात.

आमच्या घरचंच घ्या. शेतीचा खेळ, खातं एक, फोन दोन. रविवारी रात्री दोन्हीकडे 40वी पातळी आणि 500 नाणी. सोमवारी कसारा घाटात, रेंज नसताना, मी 46वी पातळी गाठली आणि 120 नाणी कमावली. माझ्याकडे 620. घरी लेक 43पर्यंत गेली, तिने 50 कमावली आणि 300चा ट्रॅक्टर घेतला. तिच्याकडे 250.

खरं कोण? दोघंही. पंचाईत तीच.

मोठा आकडा धरा, म्हणतात शहाणे. धरले 620, ट्रॅक्टरही ठेवला. म्हणजे ट्रॅक्टर फुकट! बरं, बेरीज करू: 870. यात रविवारचे 500 दोनदा मोजले. असा हिशेब फक्त निवडणुकीच्या जाहीरनाम्यात चालतो.

खरा आकडा 370. पाचशे, अधिक माझे 120, अधिक तिचे 50, वजा 300. पण त्यासाठी रविवारची शिल्लक आठवायला हवी, किंवा प्रत्येक फोनची कमाई आणि खर्च वेगवेगळा लिहिलेला हवा. पुष्कळ खेळ लिहितात काय? नुसती आजची शिल्लक. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा जमा आणि नावे वेगळं मांडतो.

ताऱ्यांचं मात्र सोपं. प्रत्येक पातळीला दोघांपैकी ज्याचे तारे जास्त, ते धरायचे. तारे कुणी खर्च करत नाही.

गुगल प्ले गेम्सच्या सेव्ह-सुविधेत निवाड्याचे तयार नियम आहेत: शेवटी बदललेली नोंद, जास्त वेळ खेळलेली नोंद, जास्त प्रगतीची नोंद. तिन्हींत एक जिंकतो, दुसरा पुसला जातो. जास्त प्रगती धरली, तर 46 वाला मी जिंकतो आणि ट्रॅक्टर जातो. शेवटची नोंद धरली, तर रात्री जेवण झाल्यावर सहज दोन वांगी काढणारी लेक जिंकते. दोन्ही नोंदी समोर ठेवून स्वतः जुळवायची मुभाही खेळ बनवणाऱ्याला आहे. पण त्याला कोड लिहावा लागतो.

त्यापेक्षा चौकट दाखवणं स्वस्त.

तेव्हा चौकट आली की आधी दुसरा फोन विमान मोडवर टाका. त्यावरची नोंद तेवढ्यापुरती तरी वाचते. दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. तारखेवर जाऊ नका, पातळी आणि नाणी बघा. काही खेळ फोनच्याच घड्याळावर विसंबतात आणि पुढे पळणारं घड्याळ जिंकून जातं. आणि खेळ काढून पुन्हा टाकू म्हणाल, तर फोनमधली नोंदही बहुधा त्याच्याबरोबर जाईल.

मी हे सगळं बटण दाबल्यावर वाचलं. ट्रॅक्टर गेला. लेकीने किंमत लावली आहे 300 नाणी, अधिक एक पावभाजी.