उभे, डावीकडून

कॉलेजच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो दोन भागांत तयार होतो. वरचा भाग फोटोग्राफर दहा मिनिटांत उरकतो. खालच्या दीड ओळीसाठी वर्गातल्या पाच-सहा जणांची समिती नेमावी लागते. ती दोन रात्री जागते, आपसात भांडते आणि अखेर सगळ्यांत आधी सुचलेली व सगळ्यांत वाईट ओळ एकमताने पास करते. ही ओळ म्हणजे कॅप्शन. हळवी असावी पण जड नसावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते आणि नेमकी तीच पुरी होत नाही.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. म्हैसूर विद्यापीठ 1916 साली निघाले आणि महाराजा कॉलेज तर त्याच्याही आधीचे. अशा जुन्या कॉलेजांचे ग्रुप फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असत. मधल्या खुर्चीत प्राचार्य, दोन्ही बाजूंना ज्येष्ठतेच्या क्रमाने प्राध्यापक, पायाशी सतरंजीवर मांडी घातलेली मुले, मागे बाकावर उभे राहिलेले उंच गडी आणि एका टोकाला शिपाई. वर कॉलेजचे नाव व साल आणि खाली ओळीने: बसलेले (डावीकडून), उभे पहिली रांग, उभे दुसरी रांग, अनुपस्थित. भावनेला त्यात जागाच ठेवलेली नसे. जो त्या दिवशी तापाने झोपला होता, त्याचा चेहरा लंबगोलात कापून कोपऱ्यात डकवत आणि तो बिचारा वर्गावर ढगातून लक्ष ठेवून असल्यासारखा कायमचा दिसत राही. अशा पुठ्ठ्यावर 'सोनेरी दिवस' हे शब्द नसत. तरीही असा पुठ्ठा माळ्यावरून खाली आला की घरातला म्हातारा अर्धा तास जागचा हलत नाही. नाव, रांग आणि साल एवढ्यावर त्याचे भागते.

पुठ्ठा गेला आणि इन्स्टाग्राम आले. तिथे कॅप्शनला 2,200 अक्षरांपर्यंत मुभा आहे, आणि मुभा मिळाली की मराठी माणूस प्रस्तावना लिहितो. प्रत्यक्षात पडद्यावर सुरुवातीची ओळ-दीड ओळ दिसते, पुढचे सारे more या शब्दामागे गडप होते. म्हणजे 'काळ कसा सरला कळलेच नाही' एवढे दिसते आणि कळले का नाही याचे विवेचन झाकलेले राहते. ही व्यवस्था वाचकाच्या हिताची आहे, हे मान्य करायला हवे.

जडपणाचे निदान सोपे आहे. ओळीत 'क्षण', 'प्रवास', 'पर्व', 'आयुष्याचे वळण' यांपैकी दोन शब्द एकत्र आले की ताप चढला असे समजावे. 'हा शेवट नाही, ही तर सुरुवात' हे वाक्य आले की रुग्ण हाताबाहेर गेला. खात्री करायची असेल तर कॉलेजचे नाव बदलून पाहावे. म्हैसूरच्या जागी मिरज घातले, इंजिनिअरिंगच्या जागी डी. एड. घातले आणि ओळीचे एक अक्षरही हलवावे लागले नाही, तर ती ओळ कुणाचीच नाही. ती मंगल कार्यालयातल्या खुर्चीसारखी असते: आज या लग्नाला, उद्या त्या मुंजीला.

या जडपणाचे कारण शोधायला मानसशास्त्रात शिरण्याची गरज नाही. फोटोच्या दिवशी कुणालाही फारसे दुःख झालेले नसते. मुलींचे लक्ष साडीच्या निऱ्यांकडे असते, मुलगे मोठ्या भावाच्या ब्लेझरमध्ये घामाघूम झालेले असतात आणि निम्म्या वर्गाचा एक डोळा जेवणाच्या रांगेवर असतो. दुःख व्हायला हवे होते आणि झाले नाही, ही टोचणी रात्री कॅप्शन लिहिताना उसळून येते. मग जे वाटले नाही ते दुप्पट मापाने लिहिले जाते. खरोखर वाटते तेव्हा माणूस ओळी लिहीत बसत नाही. 1921 साली सर्वपल्ली राधाकृष्णन महाराजा कॉलेज सोडून कलकत्त्याला निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या फुलांनी सजवलेल्या गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढत त्यांना स्टेशनावर पोचवले. या प्रसंगाखाली कोणते कॅप्शन शोभेल? 'विद्यार्थी गाडी ओढताना' एवढेच. त्याला एक विशेषण जोडले की गाडी तिथेच रुतते. उलट ज्या वर्गाने प्राध्यापकांची बॅगसुद्धा कधी उचलली नाही, त्याला विशेषणांवाचून गत्यंतर नसते.

फोटोखालच्या ओळीचे दुसरे शास्त्रही याच कॉलेजातून बाहेर पडले आहे. आर. के. लक्ष्मण म्हैसूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारल्यावर ते महाराजा कॉलेजात शिकले, पुढे मुंबईलाच येऊन 'टाइम्स'मध्ये बसले आणि कित्येक वर्षे रोज एका चौकटीखाली एक ओळ देत राहिले. त्या चौकटीत मंत्री बोलतो, कारकून बोलतो, मंत्र्याची बायकोही बोलते. चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस मात्र गप्प असतो. चित्रात पूर आला असेल तर खालची ओळ 'पूर आला' असे सांगत नाही. पुराची पाहणी करायला आलेले साहेब काय म्हणाले ते सांगते. चित्रात दिसते ते ओळीने सांगायचे नसते. कॉलेजच्या समितीला हे पटवणे कठीण जाते. फोटोत साठ जण एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे असतात आणि खाली लिहिलेले असते, 'आमची अतूट मैत्री'. हात तर दिसतातच. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर नाइलाजाने पडला आहे, ते सांगितले तर ती बातमी.

आता एक नमुना घेऊ. म्हैसूरचे एक इंजिनिअरिंग कॉलेज. नाव सांगण्याचे कारण नाही. शेवटच्या वर्षाच्या वर्गात मराठी बोलणारी सात मुले: चार बेळगाव-निपाणीकडची, दोन कोल्हापूरची, एक पुण्याची. सगळ्या वर्गाच्या फोटोखाली इंग्रजी ओळ जाणार हे ठरलेले आहे. या सात जणांनी पायऱ्यांवर वेगळा फोटो काढला आहे आणि त्याला मराठी ओळ हवी आहे.

पहिला मसुदा पुण्याच्या मुलीचा: 'चार वर्षांच्या या सुंदर प्रवासात मिळालेली ही माणसे आयुष्यभराची शिदोरी.' नाव बदलून पाहण्याच्या परीक्षेत तो जागच्या जागी नापास होतो. शिवाय 'शिदोरी'वर कोल्हापूरकर हसतात. चार वर्षे मेसमधल्या सांबाराला नावे ठेवताना जी खरी शिदोरी लागत होती, ती घरून येणाऱ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी होती आणि ती या कवयित्रीनेच सगळ्यांत जास्त खाल्ली होती, हे सर्वांच्या लक्षात आहे.

दुसरा मसुदा उलट टोकाला जातो: 'सहा इंजिनिअर आणि एक बॅकलॉगवाला.' ही ओळ जड नाही, हलकी आहे; पण एकाच्या डोक्यावर पाय देऊन हलकी झालेली आहे. ज्याचा विषय राहिला आहे तो त्या रात्री हसतो खरा, पण दुसऱ्या दिवशी हाच फोटो त्याच्या आईच्या व्हॉट्सॲपवर पोचणार असतो. ग्रुप फोटोतली थट्टा सगळ्या ग्रुपच्या वाट्याला यावी किंवा तिसऱ्याच कुणाच्या. विद्यापीठ हा या कामी उत्तम तिसरा आहे.

आणि तिसरा मसुदा तिथूनच निघतो. या कॉलेजांच्या पदव्या देणाऱ्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे. निपाणीच्या मुलाने लिहिले: 'बेळगावची पदवी घ्यायला बेळगावहून म्हैसूरला आलो.' ही ओळ दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. तिच्यात घर सुटल्याचे दुःख आहे, अख्खे कर्नाटक ओलांडून केलेल्या रात्रीच्या प्रवासांचा शीण आहे आणि त्यांतला एकही शब्द लिहिलेला नाही. अडचण एकच. कोल्हापूर आणि पुण्याची मुले तिच्यात मावत नाहीत, म्हणजे सातांपैकी तीन जण फोटोत असून कॅप्शनमध्ये अनुपस्थित.

सर्वांना पुरेल असा सामाईक त्रास शोधावा लागतो. तो हजेरीत सापडतो. या विद्यापीठात परीक्षेला बसायला 85 टक्के हजेरी लागते. प्राचार्यांच्या हातात थोडी सूट असते आणि ती मिळवण्यासाठी दर सत्राच्या अखेरीस वैद्यकीय दाखल्यांचा सुकाळ होतो. निरोपाच्या फोटोला मात्र कुणी हजेरी घेत नाही. तेव्हा ओळ अशी झाली: '85 टक्क्यांची अट नसताना सगळे हजर. म्हैसूर.' खाली साल. एवढेच. सगळे जण आपणहून आले होते हे हळवेपण त्यात आहे, पण ते टक्केवारीच्या आडोशाला उभे आहे. ओळ पडद्यावर पूर्ण दिसते, more दाबावे लागत नाही. आईला समजावून सांगावी लागते, पण सांगताना मुलाची मान खाली जात नाही. जुन्या दाखल्यांचा विषय निघाला तर गोष्ट वेगळी.

समिती मात्र इथे थांबत नाही. पक्क्या झालेल्या ओळीला 'थोडा टच' देण्याचा आग्रह कुणीतरी धरतोच. त्यातून '85 टक्क्यांची अट नसताना सगळे हजर, कारण मैत्रीला हजेरीपट नसतो' असा घोटाळा होतो. स्वल्पविरामाच्या पुढचा भाग पहिल्या भागाचे स्पष्टीकरण असेल तर तो बेलाशक कापावा. लाल बदामाच्या चिन्हांची रांगही या स्पष्टीकरणातच मोडते. म्हैसूरपाक, चामुंडी डोंगराच्या पायऱ्या आणि रविवारी उजळणारा राजवाडा यांचा उल्लेखही टाळलेला बरा. ती पर्यटकांची आठवण झाली. चार वर्षे राहिलेल्या मुलाने राजवाडा पाहुणे आले तेव्हाच पाहिलेला असतो.

शेवटची बाब नावांची. कॅप्शन कितीही जमले तरी दहा वर्षांनी पहिला प्रश्न 'हा दुसऱ्या पायरीवरचा कोण?' हाच येतो. टॅग केलेली खाती बंद पडतात, नावे बदलतात, 'रॉयल_किंग' नावाचा माणूस कोण होता ते त्याच्याही लक्षात राहत नाही. म्हणून पुठ्ठ्याची पद्धत पहिल्या टिप्पणीत का होईना पाळावी: रांग, डावीकडून, पूर्ण नाव. डावी बाजू म्हणजे पाहणाऱ्याची डावी, उभे असलेल्यांची नव्हे. फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढला असेल तर काही फोनांत तो आरशासारखा उलटा साठतो, तेव्हा आधी एखाद्याच्या टी-शर्टवरची अक्षरे सुलट दिसतात का ते पाहावे. नाहीतर पुण्याची मुलगी निपाणीकराच्या नावाने ओळखली जाईल. आणि फोटो काढणाऱ्या मुलाचे नाव 'अनुपस्थित' या सदरात घालू नये. त्याच्यासाठी 'छायाचित्र' हे वेगळे सदर आहे, आणि 85 टक्के त्याचेही भरलेले असतात.