जमा की नावे?

तळमजल्यावरच्या काकांची उभी हयात हिशेबखात्यात 'जमा' आणि 'नावे' लिहिण्यात गेली. तरी जुनं लोखंडी कपाट विकायची जाहिरात त्यांनी मोबाइलवर टाकली, त्या संध्याकाळी जिन्यात मला अडवून म्हणाले, "गिऱ्हाईक पक्कं! दीड हजार पाठवलेत. फक्त पिन टाकायचा राहिलाय."

मी फोन हातात घेतला. वर कुणा अनोळखी इसमाचं नाव, त्याने तुमच्याकडे ₹1,500 मागितले आहेत असा मजकूर, आणि खाली 'Pay' व 'Decline' ही दोन बटणं. मधोमध मात्र एक ओळ: 'कपाटाचे पैसे जमा होतील, पिन टाका.'

"बघ, बँकच सांगतेय," काका त्या ओळीवर बोट आपटत म्हणाले.

बँक काही सांगत नव्हती. ती शेऱ्याची जागा. पैसे मागणाराच ती भरतो. तिथे 'साहेबांचा हुकूम' लिहिलं तरी ॲप मुकाट्याने दाखवतं. म्हणून जे मागणाऱ्याला लिहिता येत नाही तेवढंच वाचावं, आणि त्यातलं बटण सगळ्यात आधी. ते 'Pay' म्हणतंय, म्हणजे देणारे आपण.

काकांना पटेना. "अरे, खात्री म्हणून त्याने आधी एक रुपया पाठवला. आला की!"

"तो येताना पिन मागितला होता?"

काका गप्प. लग्नात आहेराचं पाकीट घेताना कुणी आपली सही मागत नाही, तसंच हे आहे. पैसे येताना पिन लागत नाही. शिल्लक बघायलाही तो लागतो हे खरं, पण त्या पानावर कुणाला किती द्यायचे ते नसतं. इथे पुढच्या पानावर काकांच्या बँकेचं नाव, त्या इसमाचं नाव आणि 1,500 असा सगळा पंचनामा दिसला असता, आणि तोही काकांनी वाचला नसता. कारण फोनवर तो इसम "लवकर करा, टेम्पो उभा आहे" म्हणत होता. ही घाई म्हणजे भामट्यांचं निम्मं भांडवल.

ही गोष्ट त्याआधीची, पण 1 ऑक्टोबर 2025 पासून एका माणसाने दुसऱ्याला अशी मागणी पाठवणं बंद झालंय. दुकानदारांच्या मागण्या तेव्हा राहिल्या. भामट्यांनी काही दुकान बंद केलं नाही. ते आता क्यूआर पाठवतात, 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणून. पण आपण कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

त्या दिवशी काकांनी 'Decline' दाबलं. पलीकडून शिव्या आल्या, मग फोन बंद. काकांनी शांतपणे वही उघडून लिहिलं: 'जमा ₹1, कपाटाचा इसार.'

"इसार घेतलात?" आतून काकू कडाडल्या. "म्हणजे आता हे धूड दुसऱ्या कुणाला विकायलाही नको!"