मे महिन्यात मोजलेली सावली

मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाला सावलीच उरत नाही. जुलैच्या अखेरीस तसाच दिवस पुन्हा येतो. उन्हाळ्यातलं वीजबिल हातात पडलं की लोक सोलरवाल्याला गच्चीवर बोलावतात, तेही ह्याच दिवसांत. तो बाराच्या सुमारास येतो, टेप लावतो, गच्ची लख्ख उन्हात दिसते. जिन्याच्या खोलीपासून तीन फूट सोडून तो सहा पॅनेलांची रांग आखतो आणि सांगतो, ‘सावलीचा काही प्रश्न नाही.’ त्या दिवसापुरतं ते खरंही असतं. डिसेंबरात सकाळी त्याच रांगेतले पूर्वेकडचे तीन पॅनेल अंधारात असतात. तोवर सगळे पैसे दिलेले असतात आणि चौकटीचे पाय स्लॅबला पक्के बसलेले असतात.

हा हलगर्जीपणा आहे आणि तो खपवून घेण्याचं कारण नाही. ह्यासाठी लागणारं गणित दहावीच्या त्रिकोणमितीचं आहे.

पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४ अंशांवर असतो. हे दोन्ही आकडे ९० मधून वजा केले की ४८ उरतात. वर्षातल्या सगळ्यात खालच्या दिवशी पुण्यात सूर्य ऐन दुपारी क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. अडथळ्याच्या उंचीला ह्या कोनाच्या टॅनने भागलं की सावलीची लांबी मिळते. ४८ अंशांचा टॅन १.११, म्हणजे सावली उंचीच्या ०.९ पट. दहा फूट उंच भिंतीची सावली नऊ फूट.

बरेच जण इथेच थांबतात आणि इथेच फसतात. पॅनेलला उजेड फक्त दुपारी हवा असतो असं नाही. सूर्याच्या वेळेने सकाळी नऊ ते दुपारी तीन ह्या सहा तासांत सावली पडू नये, असा नियम धरतात, कारण थंडीत दिवसाच्या विजेचा मोठा वाटा ह्याच तासांत मिळतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे डिसेंबरात सूर्याचे नऊ वाजतात तेव्हा पुण्याच्या घड्याळात साडेनऊ होऊन गेलेले असतात. त्या वेळी सूर्य २९ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या जवळजवळ १.८ पट, म्हणजे दुपारच्या दुप्पट होते.

मात्र ती सरळ उत्तरेकडे पडत नाही. सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून सावली तिरकी वायव्येकडे जाते. तिचे दोन भाग करायचे: उत्तरेकडे उंचीच्या १.२ पट आणि पश्चिमेकडे १.३ पट. दुपारी तीनला हेच आकडे, फक्त पश्चिमेच्या जागी पूर्व. पुण्यातल्या गच्चीचं सगळं काम ह्या दोन आकड्यांवर होतं.

एक वजाबाकी मात्र आधी करायची. सावली स्लॅबवर किती लांब पडते ह्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. ती पॅनेलच्या खालच्या कडेला पोचते का, एवढंच पाहायचं. म्हणून अडथळ्याच्या उंचीतून पॅनेलच्या खालच्या कडेची उंची वजा करायची आणि उरलेल्या उंचीला गुणायचं. चौकट एक फूट उंच केली की सावलीचा उत्तरेकडचा पल्ला सव्वा फुटाच्या आसपास कमी होतो. चौकट उंच केली की वाऱ्याचा जोर वाढतो आणि लोखंडही जास्त लागतं, त्यामुळे ही युक्ती हवी तेवढी ताणता येत नाही.

आता एक गच्ची घेऊ. पूर्व-पश्चिम ३२ फूट, उत्तर-दक्षिण ३० फूट. चारी बाजूंना साडेतीन फुटांचा कठडा. आग्नेय कोपऱ्यात १० बाय १० फुटांची जिन्याची खोली, आठ फूट उंच, आणि तिच्या छताच्या मधोमध हजार लिटरची, चार फूट उंचीची टाकी. पॅनेलची खालची कड स्लॅबपासून दीड फुटावर.

आधी कठडा. साडेतीनातून दीड गेले, उरले दोन फूट. दक्षिणेच्या कठड्याची सावली उत्तरेकडे दोनच्या १.२ पट, म्हणजे अडीच फुटांच्या आतच संपते. पूर्व आणि पश्चिमेच्या कठड्यांची आत येणारी सावली साधारण पावणेतीन फूट. लोक कठड्याला उगाच घाबरतात. गच्ची खाणारी वस्तू दुसरीच आहे.

जिन्याच्या खोलीची उंची आठ, वजा दीड, म्हणजे साडेसहा फूट. सकाळी नऊला तिची सावली उत्तरेकडे पावणेआठ आणि पश्चिमेकडे साडेआठ फुटांच्या थोडी पुढे जाते. आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक फूट धरून गच्ची काढा. खोलीच्या छताचे चारही कोपरे तेवढेच पश्चिमेला आणि तेवढेच उत्तरेला सरकवा, जुने-नवे कोपरे जोडा. त्या आकृतीत जे येईल ते सकाळी सावलीत. मग दुपारी बाराची आणि तीनची आकृती त्याच कागदावर काढा. तिन्हींच्या बाहेर जे राहील ती तुमची खरी जागा. गच्ची अगदी उत्तर-दक्षिण बांधलेली क्वचितच असते, म्हणून कागदावर आधी उत्तर दिशा आखून घ्या आणि सरकवणं तिच्याच हिशेबाने करा, भिंतीच्या हिशेबाने नाही.

ह्या गच्चीत खोलीची सावली दक्षिणेच्या कठड्यापासून पावणेअठरा फुटांपर्यंत पोचते. सोलरवाल्याने तीन फूट सोडून आखलेली रांग तेराव्या फुटावर सुरू होते आणि विसाव्या फुटावर संपते. ऐन दुपारीसुद्धा खोलीची सावली जवळजवळ सोळाव्या फुटापर्यंत येते, म्हणजे पूर्वेच्या टोकाच्या पॅनेलचा खालचा भाग डिसेंबरात बारा वाजताही काळवंडलेला असतो.

आणि टाकी अजून मोजलेली नाही. तीच बहुतेक आराखड्यांतून गळते. आठ आणि चार बारा, वजा दीड, म्हणजे साडेदहा फूट. तिची सावली उत्तरेकडे साडेबारा फूट जाते. टाकी खोलीच्या कडेपासून तीन फूट आत आहे, तरी सावलीचं टोक दक्षिणेच्या कठड्यापासून साडेएकोणीस फुटांवर, खोलीच्या सावलीच्याही पुढे पडतं. म्हणून पॅनेलांची रांग त्याच्या पलीकडे हवी. उरतात साडेदहा फूट. साडेसात फुटांचा पॅनेल उभा ठेवून दक्षिणेकडे कलता लावला तर त्याला जमिनीवर सात फुटांच्या आसपास जागा लागते, मागे धुण्या-पुसण्याला तीन फूट राहतात. सहा पॅनेल शेजारी शेजारी लावले तर रुंदी साडेबावीस फूट; दोन्ही कठड्यांच्या सावल्या वगळून सव्वीस फूट मोकळे आहेत. सगळं बसतं. एकच रांग असल्यामुळे पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडण्याचा प्रश्नही येत नाही. त्याच गच्चीत, तेवढ्याच खर्चात सावली टाळता येत होती. फक्त रांग सात फूट उत्तरेला सरकवायला हवी होती.

आणखी जागा मोकळी करणारा एक स्वस्त उपायही आहे. टाकी छतावर तीन फूट दक्षिणेला, खोलीच्या दक्षिण कडेला सरकवली तर तिच्या सावलीचं टोक साडेसोळा फुटांवर येतं आणि उत्तरेकडे खोलीच्या सावलीच्या पुढे जात नाही. उत्तरेला पावणेदोन फूट मोकळे होतात. हे प्लंबरचं काम आहे. पण नकाशावर टाकीच काढलेली नसेल तर ते सुचणार कुणाला?

‘जरा कोपऱ्यावर आली सावली, तेवढी चालते,’ हे वाक्य मान्य करू नका. पॅनेलमधल्या सेल एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. त्यातली एक झाकली की तिच्या साखळीतल्या सगळ्यांचा प्रवाह रोखला जातो. प्रत्येक पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. सावलीतला गट ते बाजूला काढतात, म्हणजे तेवढ्या हिश्शाची वीज गेली. जुन्या पद्धतीचा पॅनेल उभा लावला असेल आणि खालच्या कडेवर आडवी पट्टी पडली, तर ती तिन्ही गटांना छेदते आणि वितभर सावलीत पूर्ण पॅनेल जातो. अर्ध्या सेलच्या नव्या पॅनेलचा वरचा अर्धा भाग चालत राहतो. तरीही अर्धा जातोच, आणि तोही पुण्यातल्या निरभ्र, थंड हवेच्या दिवसांत, जेव्हा पॅनेल तापत नाहीत आणि छान काम करतात.

दुसऱ्या गावचे तक्ते इथे वापरणाऱ्यांनाही थांबवायला हवं. दिल्लीत २१ डिसेंबरला सकाळी नऊला सूर्य जेमतेम २२ अंशांवर असतो आणि उत्तरेकडचा गुणक १.७ च्या वर जातो. तो पुण्यात लावला तर गच्ची विनाकारण वाया जाते. नागपुरात दुपारचा कोन ४५ अंशांच्या किंचित वर, म्हणजे सावली जवळपास उंचीइतकीच. कोल्हापुरात तो ५० अंश, सावली आणखी आखूड. आपल्या गावाचा अक्षांश घ्या आणि आपलं गणित करा.

जिन्याची खोली उत्तरेला असेल तर डिसेंबरची काळजी नाही, पण निश्चिंतही होऊ नका. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य ईशान्येकडून उगवतो आणि मेच्या मध्यानंतर दुपारीही किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला सकाळी नऊला सावली दक्षिणेकडे उंचीच्या पाव पटीहून थोडी कमी आणि पश्चिमेकडे जवळजवळ ०.९ पट पडते. साडेसहा फुटांच्या खोलीसाठी दक्षिणेला दीड-दोन फूट सोडले की पुरतं, पण त्याच ओळीत पश्चिमेला सहा फूट सोडावे लागतात.

तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं, उरलेली रक्कम तुमच्या खिशातून जाते. तेव्हा सही करण्याआधी आराखड्यावर चार गोष्टी लिहून मागा: जिन्याच्या खोलीची उंची, टाकीच्या माथ्याची उंची, पॅनेलच्या खालच्या कडेची उंची आणि २१ डिसेंबरच्या नऊ, बारा, तीनच्या सावल्यांच्या रेषा. खोली नुसता चौकोन म्हणून काढून आत ‘जिना’ लिहिलेलं असेल तर तो आराखडा परत करा.

ज्यांच्या गच्चीवर संच आधीच बसलेला आहे, त्यांनी डिसेंबरातल्या एखाद्या निरभ्र दिवसाचा इन्व्हर्टरच्या अॅपमधला आलेख पाहावा. सावली नसेल तर रेघ सकाळपासून गुळगुळीत चढत जाते. ती दहा-साडेदहापर्यंत खाली रेंगाळून एकदम पायरीसारखी वर उडी मारत असेल, आणि हे रोज त्याच सुमारास होत असेल, तर ढगांना दोष देऊ नका. साडेनऊला वर जाऊन पाहा, सावलीचं टोक कोणाचं आहे ते ओळखा. टाकीचं असेल तर प्लंबरला बोलवा. खोलीचं असेल तर ज्याने रांग आखली त्याला.